‘बिनधास्त विचार’, पण कोणाला?

वाचकाचं पत्र

नाशिकमध्ये माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. आम्ही नऊ जण. येत्या सोमवारी, ९ तारखेला, नुकतीच बी.कॉम. झालेली एक मुलगी रुजू होते आहे. नेहमीप्रमाणे मी तिला व्हॉट्सअ‍ॅप करणार होते: ‘वेलकम टू द फॅमिली! सोमवारी आरामात ये. येताना डॉक्युमेंट्स आण. आल्यावर कोणीतरी सांगेलच काय करायचं ते. काही लागलं तर बिनधास्त विचार, इथे सगळे घरचेच आहेत.’ पण आधीच्या मुलालाही हाच मेसेज केला होता. तो तिसऱ्या आठवड्यात सोडून गेला. दिवसभर बसून त्याने खरेदीची बिलं चढवली आणि सगळा टॅक्स सीजीएसटी-एसजीएसटीत टाकला. त्यात निम्मे सप्लायर गुजरातचे होते, त्यांच्या बिलांना आयजीएसटी लागतो. विचारलं असतं तर मिनिटात सांगितलं असतं. हल्लीची मुलं विचारतच नाहीत. माझे यजमान म्हणतात, सरळ नियमावली छापून हातात दे. मला तसं कंपनीछाप कोरडं वागायचं नाही. आमच्याकडचं वातावरण मोकळं आहे, ते तसंच राहायला हवं. मेसेज बदलू का? आणि कसा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर

नमस्कार,

बदला. मोकळेपणा मात्र तसाच ठेवा, कारण त्याने कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

तुमचा मेसेज रविवारी रात्री त्या मुलीच्या जागी बसून वाचून बघा. ‘आरामात’ म्हणजे दहा की अकरा? तुम्हाला ते ठाऊक आहे, तिला नाही. अशा वेळी नवा माणूस साडेनऊलाच येतो आणि बंद शटरसमोर उभा राहतो, किंवा अकराला येऊन दिवसभर मनात ओशाळतो. ‘डॉक्युमेंट्स’ म्हटल्यावर ती दहावीपासूनच्या सगळ्या मूळ मार्कशीट पिशवीत भरून आणेल आणि नेमकं बँक पासबुक घरी राहील. ‘कोणीतरी सांगेलच’ हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. नऊ जणांच्या ऑफिसात ‘कोणीतरी’ म्हणजे कोणीच नाही. प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने सांगितलं असेल.

नेमकं लिहिलं की कोरडं होतं, असं तुमच्या पत्रातून डोकावतं. मला ते पटत नाही. ‘उशीर खपवून घेतला जाणार नाही’ हे वाक्य थंडगार आहे आणि मोघमही आहे, कारण उशीर कधीपासून धरायचा तेच त्यात नाही. याउलट, ‘ऑफिस दहाला उघडतं, तू साडेदहाला ये, तोवर माझे सकाळचे फोन आटोपतात आणि मला तुझ्याजवळ निवांत बसता येतं’ हे अगदी नेमकं आहे आणि तरी त्यात माया आहे. वेळेबरोबर वेळेचं कारण सांगितलं, आणि त्या कारणात तीही आली, एवढाच फरक. त्यामुळे ऊबदार की नेमकं, अशी निवड करायची वेळच येत नाही.

आता ‘हल्लीची मुलं विचारतच नाहीत’ याबद्दल. त्या मुलाने काय विचारायला हवं होतं? ‘गुजरातच्या बिलाला आयजीएसटी लावायचा ना?’ हा प्रश्न पडायलाच अर्धं उत्तर माहीत असावं लागतं. त्याला शंका आलीच नाही म्हणून त्याने विचारलं नाही. आळस किंवा भीड हे त्याचं कारण असेलच असं नाही. ‘बिनधास्त विचार’ म्हटलं की काय विचारायचं ते ओळखण्याचं काम आपण अशा माणसावर टाकतो, ज्याला त्यातलं सगळ्यात कमी माहीत आहे. शिवाय विचारायचं तर कोणाला? समोरचा फोनवर असेल तर थांबायचं की उठून जायचं? पहिल्याच आठवड्यात मालकिणीच्या केबिनचं दार ठोठावायला भल्याभल्यांचं धाडस होत नाही.

यजमानांच्या सूचनेत तथ्य आहे, पण छापील नियमावलीची जागा वेगळी. सुट्ट्या, पगाराची तारीख, नोटीस कालावधी हे नेमणूकपत्रात हवं आणि त्यावर दोघांच्या सह्या हव्यात. पहिल्या आठवड्याला वीस पानांचा काही उपयोग नाही, कारण ती कोणी वाचत नाही. वाचली तरी ‘मंगळवारी दुपारी मी काय करू?’ याचं उत्तर त्यात सापडत नाही. फोनवर सगळं सांगून टाकायचा मोह होईल. फोन जरूर करा, गोड बोला, पण पत्ता-वेळ-कागद लेखीच द्या. व्हॉइस नोट तर नकोच. रिक्षात बसून पत्ता शोधताना चार मिनिटांची नोट पुन्हा ऐकायची आणि त्यात ‘जिना मागच्या बाजूने’ कुठे आलं ते हुडकायचं, हा छळ आहे.

लिहायला बसण्याआधी कॅलेंडर बघा. सोमवारी ९ म्हणजे बुधवारी ११. जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नची शेवटची तारीख. तुमच्याकडे त्या दिवशी काय वातावरण असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. आधीचा मुलगाही अशाच आठवड्यात आला होता का, तेवढं आठवून पाहा. रुजू होण्याची तारीख गुरुवारवर ढकलावी का? ढकलता आली असती तर मी हो म्हटलं असतं. पण तिला तारीख सांगून झाली आहे, कदाचित राहण्याची सोयही त्याप्रमाणे केली असेल. त्यापेक्षा सोमवार तसाच ठेवा आणि बुधवारबद्दल आधीच मोकळेपणाने सांगा. ‘त्या दिवशी आम्ही सगळे त्रासलेले असू, त्याचा तुझ्याशी संबंध नाही’ हे सोमवारी कळलं तर बुधवारचे चढलेले आवाज ती स्वतःवर ओढून घेणार नाही.

मेसेज एकच लांबलचक नको. दोन करा. पहिला शुक्रवारी संध्याकाळी पाठवायचा, त्याचं काम तिला सोमवारी सुखरूप खुर्चीत आणून बसवणं. दुसरा सोमवारी दुपारी, छापून तिच्या हातात द्यायचा. तो आठवड्याच्या कामाचा. शुक्रवारीच टॅलीचं सगळं पाठवलंत तर शनिवार-रविवार तिचा धास्तीत जाईल.

पहिला मेसेज मी असा लिहिला असता. नावं अर्थातच काल्पनिक आहेत:

> नमस्कार सायली, सोमवारी तू येते आहेस, आम्ही सगळे वाट बघतोय.
>
> सोमवार ९ तारीख, सकाळी साडेदहा. ऑफिस मेडिकलच्या वर दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना इमारतीच्या मागच्या बाजूने आहे. सोबत लोकेशन पाठवते. दारात मीराताई भेटतील, त्यांना तू येणार हे माहीत आहे. सापडलं नाही तर त्यांनाच फोन कर, नंबर खाली देते.
>
> येताना आधार आणि पॅनची एकेक झेरॉक्स, पदवीच्या मार्कशीटची झेरॉक्स, दोन फोटो आणि पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आण. पदवीची मूळ मार्कशीट फक्त दाखवायला आण, ती लगेच परत देईन. यातलं काही राहिलं तर शुक्रवारपर्यंत दिलंस तरी चालेल. लॅपटॉप लागणार नाही.
>
> जेवायची सुट्टी दीड ते सव्वादोन. आम्ही आतल्या खोलीत एकत्र जेवतो. डबा आणलास तर छान, नाहीतर खाली पोळी-भाजी मिळते. सोमवारी माझ्याबरोबर बस.
>
> सुटायची वेळ साडेसहा. पहिल्या दिवशी ओळखी आणि थोडा सराव, बाकी काही नाही. तयारी करून यायची गरज नाही.
>
> हे वाचलंस की ‘मिळालं’ एवढं कळव. काही शंका असेल तर उद्या सकाळी अकरा ते एक मी मोकळी आहे, फोन कर.

तुमच्या मूळ मेसेजपेक्षा हा बराच लांब आहे, पण यातल्या प्रत्येक वाक्याने तिची एकेक काळजी कमी होते. जेवणाच्या ओळी वरवर फालतू वाटतील, पण माझ्या मते त्याच सगळ्यात मोलाच्या. पहिल्या दिवशी दीड वाजता सगळे उठतात आणि नव्या माणसाला कळत नाही की आपणही उठायचं का. तो प्रसंग तुम्ही दोन ओळींत टाळलात. आणि ‘कळव’ ही शेवटची ओळ तुमच्यासाठी आहे. दोन निळ्या टिकांवरून तिने लोकेशन उघडून पाहिलं की नाही ते कळत नाही.

‘तू’ मुद्दाम ठेवलं आहे. तुमच्यात आणि तिच्यात वयाचं अंतर असावं आणि तुम्ही प्रत्यक्षात तिला ‘तू’च म्हणणार. मग मेसेजमध्ये ‘आपण कृपया उपस्थित राहावे’ कशाला? उद्या चाळिशीतला अनुभवी अकाउंटंट आला तर मात्र ‘तुम्ही’, आणि शेवटपर्यंत ‘तुम्ही’. एकाच मेसेजमध्ये ‘तू ये’ आणि ‘आपली कागदपत्रे आणावीत’ असं मिसळलं की वाचणाऱ्याला मालकिणीचा सूर कळत नाही.

आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका. झेरॉक्स पुरते. ज्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात ती मास्क केलेली प्रत आणली तर उत्तमच. आणि कोणाचेही मूळ कागद ऑफिसात ठेवून घेऊ नका. दुसरं म्हणजे, शुक्रवारी रात्रीच तिला ऑफिसच्या ग्रुपमध्ये घालू नका. तिथे क्लायंटची नावं आणि आकडे फिरत असतात, आणि अजून ती तुमच्याकडे रुजूही झालेली नाही. सोमवारी ओळखी झाल्या की घाला, तेव्हा समोर येणाऱ्या नावांना चेहरेही असतील.

आता खरा भाग. पहिल्या आठवड्यात तिला काम काय द्यायचं? ‘खरेदीची बिलं चढव, नीट बघ’ असं आधीच्या मुलाला सांगितलं असणार. ‘नीट’ म्हणजे काय, ते कोणी सांगितलं नाही.

माझा सल्ला असा की या आठवड्यात तिला क्लायंटच्या चालू कामाला हात लावू देऊ नका. एखाद्या लहान क्लायंटचा आधीचा, रिटर्न भरून संपलेला महिना घ्या. साधारण पंचवीस-तीस खरेदी बिलं असतील असा. त्या कंपनीचा टॅलीतला बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा आणि लगेच कंपनीचं नाव बदलून पुढे ‘सराव’ जोडा. नाव बदलायला विसरू नका, नाहीतर यादीत एकाच नावाच्या दोन कंपन्या दिसतील आणि तिसऱ्या दिवशी ती खऱ्या कंपनीत एंट्री करत असेल. सराव कंपनीतून त्या महिन्याच्या खरेदीच्या एंट्री काढून टाका आणि बिलांची फाइल तिच्या टेबलावर ठेवा. हे सगळं रविवारच्या आत, तुमच्यापैकीच कोणीतरी करून ठेवायचं. कोणी, ते आजच ठरवा.

या कामाचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे, ही त्यातली मोठी सोय. चूक झाली तरी कुणाचं नुकसान नाही, आणि ती झाली हे नक्की कळतं. फक्त पडताळणी कशी करायची ते तिला सांगून ठेवा. महिन्याच्या खरेदीची एकूण बेरीज जुळली म्हणून सुटका होत नाही. ९ टक्के अधिक ९ टक्के आणि सरळ १८ टक्के यांची रक्कम एकच येते, त्यामुळे बिलाची बेरीज तंतोतंत जुळते आणि टॅक्स मात्र चुकीच्या खात्यात बसलेला असतो. आधीच्या मुलाची चूक दिवसभर कोणाच्या लक्षात आली नाही, त्यामागे हेच असावं. म्हणून सीजीएसटी, एसजीएसटी आणि आयजीएसटी, तिन्ही खात्यांच्या बेरजा वेगवेगळ्या ताडायला सांगा.

सोमवारी तिच्या हातात द्यायचा कागद साधारण असा:

> सायली, हा तुझा पहिला आठवडा. यातलं काही लवकर झालं तर छान, राहिलं तर पुढच्या आठवड्यात.
>
> सोमवार: ओळखी, तुझं टॅलीचं स्वतःचं युजरनेम, आणि महेशदादा दोन बिलं तुझ्यासमोर चढवून दाखवतील. तिसरं तू चढव, ते शेजारी बसतील.
>
> मंगळवार ते गुरुवार: ‘सराव’ नाव असलेल्या कंपनीत फाइलमधली बिलं चढव. रोज आठ-दहा झाली तरी पुरे. प्रत्येक बिलावर तीन गोष्टी बघ. एक, तारीख आणि बिल नंबर बिलावर जसा आहे तसाच, मधल्या रेघेसकट. दोन, सप्लायरचा जीएसटी नंबर. २७ ने सुरू होत असेल तर तो महाराष्ट्रातला, बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी दिसायला हवा. दुसऱ्या आकड्याने सुरू होत असेल, उदाहरणार्थ गुजरातचा २४, तर आयजीएसटी. तीन, बिलावरची रक्कम आणि स्क्रीनवरची रक्कम. यातलं एकही जुळत नसेल तर ते बिल चढवू नकोस, पिवळ्या फोल्डरमध्ये ठेव. फोल्डरमध्ये बिलं असणं म्हणजे तू लक्ष देऊन काम करते आहेस.
>
> बुधवारी ११ तारीख आहे. रिटर्नचा शेवटचा दिवस, सगळे घाईत असतील, आवाजही चढतील. तुझ्यावर कोणी चिडलेलं नसेल. त्या दिवशीचे प्रश्न कागदावर लिहून ठेव, गुरुवारी अकरा वाजता महेशदादा तुझ्याजवळ बसतील.
>
> शुक्रवार: तिन्ही टॅक्स खात्यांच्या बेरजा महेशदादांच्या कागदाशी ताड. फरक आला तर कुठून आला ते आधी तू शोध, मग दोघं मिळून बघा.
>
> शनिवार: बारा वाजता माझ्याबरोबर चहा.
>
> एखाद्या गोष्टीवर पंधरा मिनिटं अडलीस तर महेशदादांना विचार. ते फोनवर असतील तर त्यांच्या टेबलावर चिठ्ठी ठेव, ते येतील. ते नसतील तर मीराताई.
>
> या आठवड्यात चार गोष्टी करायच्या नाहीत: ‘सराव’ सोडून दुसरी कंपनी उघडायची नाही, क्लायंटला फोन करायचा नाही, पोर्टलवर लॉगिन करायचं नाही, आणि कोणी क्लायंटने फोनवर काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, ‘मॅडमना सांगते’ म्हणायचं.

बिल नंबरवर एवढा जोर का, ते तुम्ही जाणताच. पुढच्या आठवड्यात ती गेल्या महिन्याच्या खरेदीकडे वळेल तेव्हा पोर्टलवर १४ तारखेला तयार होणाऱ्या टू-बी या खरेदीच्या यादीशी ताळा करायचा असेल, आणि नंबर वेगळा टाइप झाला की एकेक बिल हाताने शोधत बसावं लागतं. हे कारण तिला गुरुवारी तोंडी सांगा. कागदावर कारणांची गर्दी नको.

२७ चा नियम सरसकट नाही, हेही तुम्ही म्हणाल. परराज्यातल्या हॉटेलच्या मुक्कामाचं बिल आलं तर जीएसटी नंबर बाहेरचा आणि बिलावर तिथलाच सीजीएसटी-एसजीएसटी. बरोबर आहे. म्हणून तर पिवळं फोल्डर. अपवाद शिकवण्याऐवजी तो बाजूला ठेवायला शिकवा. पहिल्या आठवड्यात तेवढं पुरतं आणि तुम्हालाही पुढे शिकवायला नेमकी उदाहरणं मिळतात.

‘पंधरा मिनिटं’ हा आकडा मी अंदाजाने टाकला आहे, तुम्ही दहा करा किंवा वीस. पण आकडा हवा. नाहीतर एक जण दर दोन मिनिटांनी उठतो आणि दुसरा दुपारपर्यंत एकाच बिलाकडे बघत बसतो. आणि ‘करायचं नाही’ची यादी द्यायला बिचकू नका. तुम्हाला ती कडक वाटेल. तिच्यासाठी मात्र ती कुंपणासारखी आहे, त्याच्या आत ती मनसोक्त चुकू शकते.

हा कागद लिहिताना सगळ्यात अवघड जाईल ते महेशदादांशी बोलणं. तुमच्याकडे जे कोणी असतील ते. सोमवारी एक तास, गुरुवारी एक तास आणि शुक्रवारी अर्धा, एवढा वेळ त्यांच्याकडून आधी मागून घ्या, आणि ११ तारखेच्या आठवड्यात तो मिळावा म्हणून त्यांचं थोडं काम दुसऱ्याकडे द्या. ते न करता कागदावर त्यांचं नाव घातलंत तर सायली चिठ्ठ्या ठेवत राहील आणि त्या तशाच पडून राहतील. ‘कोणीतरी सांगेल’पेक्षा ते वाईट, कारण आता तिला वाटेल की मुद्दाम टाळताहेत.

हे पत्र वाचणाऱ्या दवाखानेवाल्यांना, दुकानदारांना, क्लासचालकांना टॅलीशी कर्तव्य नाही. त्यांनी फक्त एवढं करावं: आपला नेहमीचा स्वागताचा मेसेज कागदावर उतरवून प्रत्येक वाक्यापुढे नव्या माणसाचा प्रश्न लिहावा. कुठे, किती वाजता, कोणाकडे, झालं हे कसं कळणार? ज्या वाक्यापुढे प्रश्न येतो ते वाक्य पुन्हा लिहावं. ज्यापुढे येत नाही, ‘आम्ही वाट बघतोय’सारखं, ते आहे तसं ठेवावं. आणि सरावाला असं काम शोधावं ज्याचं उत्तर आपल्याकडे आधीच आहे. दवाखान्यात गेल्या महिन्याचं अपॉइंटमेंटचं रजिस्टर, दुकानात आधी मोजून झालेलं एखादं शेल्फ.

शनिवारच्या चहाला ‘कसं वाटतंय?’ एवढंच विचारू नका. ‘छान’ हे उत्तर ठरलेलं आहे. पिवळं फोल्डर मागवा, त्यातलं एकेक बिल काढून ‘हे का बाजूला ठेवलंस?’ असं विचारा. मग सोमवारचा कागद पुढे ठेवा आणि कुठली ओळ कळली नाही तिथे पेन्सिलने खूण करायला सांगा. खुणा झालेल्या ओळी पुढचा माणूस येण्याआधी तुम्ही दुरुस्त करायच्या. फोल्डर रिकामं असेल तर शुक्रवारच्या बेरजा स्वतः एकदा बघा.